सरांचं एका ओळीचं उत्तर

१२ नोव्हेंबर, रात्री

"पत्र देईन. पण तुझ्याबद्दल नेमकं काय लिहायचं, ते कळव."

शिफारसपत्र मागितलं होतं, त्यावर सरांचं उत्तर एवढंच. दुपारपासून किती वेळा उघडून पाहिलं, मोजलं नाही. होकारच आहे, आनंद व्हायला हवा. प्राचीने तर लगेच अभिनंदन करून टाकलं. पण मला तो 'नेमकं काय' खुपतोय. दोन वर्षं त्यांच्या तासाला पहिल्या बाकावर बसले, प्रोजेक्ट त्यांच्याकडे केला, आणि त्यांना माझ्याबद्दल लिहायला काही सापडू नये? म्हणजे मी त्यांच्या लक्षातच नाही. दर वर्षी साठ-सत्तर मुलं हाताखालून जातात हे कळतं. तरी लागायचं ते लागलंच. आईला सांगितलं नाही. ती उगाच सरांवर चिडली असती.

जेवण झाल्यावर मी सरांना पाठवलेलं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्या परिच्छेदात सरांचा अनुभव आणि नावलौकिक. दुसऱ्यात मी अर्ज करतेय त्या विद्यापीठांची थोरवी. तिसऱ्यात 'आपल्या शिफारसीमुळे माझं स्वप्न पूर्ण होईल'. सोबत गुणपत्रिका. बस. सरांनी मला काय करताना पाहिलं, याबद्दल एक अक्षर नाही. अशा पत्रावरून 'नियमित, नम्र आणि मेहनती विद्यार्थिनी' याच्यापुढे कोण काय लिहिणार? आणि गुण तर प्रवेश समितीसमोर असतातच. पत्र मागतात ते गुणपत्रिकेत न दिसणारं कळावं म्हणून.

मग प्रयोगवही काढली. नळीतला प्रवाह मोजणाऱ्या व्हेंचुरीमीटरचा प्रयोग. प्रत्यक्ष जाणारं पाणी आणि सूत्राने येणारं पाणी यांचं गुणोत्तर, म्हणजे गुणांक, ०.९८च्या आसपास यायला हवा. माझा मोठ्या प्रवाहाला बरोबर येत होता आणि प्रवाह कमी केला की ०.९१पर्यंत घसरत होता. बाकीच्या गटांनी न जुळणारी वाचनं गाळली. मी ठेवली. सरांनी समासात पेन्सिलीने विचारलं होतं, "ही का गाळली नाहीस?" दुसऱ्या दिवशी मी पाणी पूर्ण बंद करून दाबातला फरक दाखवणारा मॅनोमीटर पाहिला. प्रवाह नसताना दोन्ही बाजूंची पातळी सारखी हवी, ती ४ मिलिमीटर वरखाली होती. जोडनळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. मोठ्या प्रवाहात पातळीतला फरक ४०० मिलिमीटर असतो, तिथे ४ची चूक जाणवत नाही. २४ मिलिमीटरला तीच सगळं बिघडवते. बुडबुडा काढला, वाचनं पुन्हा घेतली, गुणांक जागेवर आला. सर तेव्हा टेबलाजवळ उभं राहून सगळं बघत होते. जाताना म्हणाले, "पुढच्या बॅचला आधी हेच तपासायला सांगतो."

हे मी त्यांना लिहिलंच नव्हतं. त्यांना आठवत असेल असं मी धरून चालले होते. आठवत नसेल तर... जाऊ दे.

नवा मेल लिहायला दीड तास लागला. कोणत्या वर्षी कोणते दोन विषय त्यांच्याकडे होते, प्रोजेक्टचं नाव, बुडबुड्याचा प्रसंग पाच ओळींत. पुढे मला मापनातल्या त्रुटींवरच का काम करायचंय, ते. चारही विद्यापीठांची नावं आणि मुदती एका तक्त्यात, सगळ्यात आधीची १५ डिसेंबर. प्रत्येक ठिकाणाहून सरांना वेगळी लिंक येईल, ती कधीकधी स्पॅममध्ये जाते, हेही लिहिलं. त्यांचा कॉलेजचा ईमेल पत्ताच अर्जात दिलाय, कारण खासगी पत्ता दिला तर पत्र खरंच प्राध्यापकांचं आहे का, अशी शंका घेतात.

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. 'माझ्याबद्दल ठामपणे लिहिण्याइतकं आपल्याला ठाऊक नसेल तर निःसंकोच नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही.' वाटेलच. पण हे वाक्य नसेल तर सरांना भिडेपोटी पत्र द्यावं लागेल आणि भिडेपोटी दिलेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं. फॉर्ममध्ये पत्रासोबत एक तक्ताही असतो, बाकीच्या मुलांच्या तुलनेत मी कुठे: पहिल्या ५ टक्क्यांत, पहिल्या १० टक्क्यांत, आणि एक रकाना 'सांगता येत नाही'. त्या रकान्यावर खूण होण्यापेक्षा आज नकार आलेला मला चालेल. वाक्य ठेवलं.

अर्जात विचारलं होतं, पत्र वाचण्याचा हक्क सोडता का? हो म्हटलं. म्हणजे सर काय लिहितात ते मला कधीच कळणार नाही. दुपारी याचंही वाईट वाटत होतं. आता तेवढं वाटत नाही. जे घडलं ते मी त्यांच्यासमोर ठेवलं, त्यापुढचं त्यांचं.

११:४०ला मेल गेला. मग लक्षात आलं, पेन्सिलीच्या त्या प्रश्नाच्या पानाचा फोटो जोडायचा राहिला. उठले, दिवा लावला, फोटो काढून वेगळा पाठवला.