तुम्ही विचारलंत म्हणून: प्रत्ययाआधीची रिकामी जागा

"ताई, माझी मुलं 'रिकाम्या जागा भरा'मध्ये दहापैकी दहा मिळवतात, आणि निबंधात मात्र 'झाडवर', 'रस्तेवर' लिहितात. तुम्ही पाचवीची सरावपत्रिका कशी काढता?"

तुमच्या मुलांचे दहा गुण खरे आहेत, फक्त ते सामान्यरूपाचे नाहीत. अशा पत्रिकेत बहुधा प्रश्न असतो तो असा: 'माकड झाडा____ चढलं. (वर, ने, चा)'. यातलं अवघड काम छापणाऱ्यानेच करून ठेवलेलं आहे. 'झाड'चं 'झाडा' आधीच झालंय. मुलाने फक्त माकड कुठे चढतं ते आठवायचं आणि 'वर' लिहायचं. निबंधात त्याच्यासमोर 'झाडा' तयार नसतं, त्याच्या डोक्यात असतं 'झाड'. तिथून 'झाडावर'पर्यंतचं पाऊल त्याने पत्रिकेत कधी टाकलेलंच नसतं.

म्हणून माझ्या पत्रिकेत रिकामी जागा प्रत्ययाची नसते, अख्ख्या शब्दाची असते. मूळ नाम आणि त्याला काय जोडायचं ते कंसात देते, आणि जोडलेला शब्द मुलाने लिहायचा. प्रत्यय कोणता हे मी सांगून टाकते, कारण आज मला ते विचारायचंच नाही. एका पत्रिकेत एकच गोष्ट विचारायची, हे मी कटाक्षाने पाळते. विभक्तींची नावं आणि आठ ओळींचा तक्ता पाचवीत पाठ करून घेण्याच्या मी विरोधात आहे. 'वर' शब्दयोगी अव्यय आहे आणि 'ला' विभक्तीचा प्रत्यय आहे, हा फरकही या पत्रिकेपुरता मी मध्ये आणत नाही. नामाला मागून काही चिकटलं की नाम आपला शेवट बदलतं, एवढंच मुलाच्या हाताला बसायला हवं.

पहिली पत्रिका मी अशी देते:

१. माकड सरकन ________ चढलं. (झाड + वर)
२. पाल ________ बसली होती. (भिंत + वर)
३. गवंड्याने ________ पाणी लावलं. (वीट + ला)
४. पावसामुळे ________ चिखल झाला. (रस्ता + वर)
५. ________ डोळे मिटत नाहीत. (मासा + चे)
६. सुट्टीत आम्ही ________ गावाला गेलो. (मामा + च्या)
७. म्हैस ________ डुंबत होती. (पाणी + त)
८. बादली ________ पडली. (विहीर + त)
९. मुलांनी जखमी ________ दाणे घातले. (पाखरू + ला)

हे शब्द सहज सुचले म्हणून घेतलेले नाहीत. 'झाड' सोपं आहे, सुरुवातीला हात चालू व्हावा म्हणून. 'भिंत' आणि 'वीट' दोन्ही अकारान्त स्त्रीलिंगी, पण एकीचं 'भिंतीवर' होतं आणि दुसरीचं 'विटेला'. मूल इथे अडकलं तर त्याला अनेकवचन विचारा. अनेक भिंत म्हणजे भिंती, तर 'भिंतीवर'. अनेक वीट म्हणजे विटा, तर 'विटेला'. अनेकवचन 'ई'ने संपलं तर एकवचनी सामान्यरूपही 'ई'ने, आणि 'आ'ने संपलं तर 'ए'ने. चिंचा-चिंचेला, बागा-बागेत, माना-मानेवर एकीकडे. सहली-सहलीला, पाली-पालीला, म्हशी-म्हशीला दुसरीकडे. अकारान्त स्त्रीलिंगी नामांना ही खूण जवळजवळ नेहमी लागू पडते. मुलांना ती फार आवडते, कारण उत्तर त्यांच्याच तोंडून निघतं.

'रस्ता', 'मासा' आणि 'मामा' हे तिन्ही शब्द आकारान्त पुल्लिंगी आहेत. 'रस्ता'चं 'रस्त्या' होतं, हा नेहमीचा नियम. 'मासा'चं मात्र 'माशा' होतं, 'मास्या' नाही. 'ससा', 'घसा', 'पैसा' हेही त्याच वाटेने जातात. आणि 'मामा' मुळीच बदलत नाही. काका, दादा, आजोबा ही नात्याची नावंही तशीच राहतात. वर्गात आपण "'आ'चं 'या' करा" असं घाईने सांगून गेलो असलो, तर सहाव्या वाक्यात 'माम्याच्या' उमटतं आणि आपला नियम मुलाने नको तितका ताणलाय हे लगेच कळतं. हे तीन शब्द शेजारीशेजारी असले तरी तिघांची उत्तरं तीन तऱ्हेची आहेत. एकाच तऱ्हेची दोन वाक्यं मी लागोपाठ ठेवत नाही, नाहीतर दुसरं उत्तर पहिल्यावरून उतरतं.

'दरवाजा' मी मुद्दाम वगळते. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे 'जा'ने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दाचं सामान्यरूप 'जा'च राहतं: दरवाजाला, मोजाला. पण मुलांच्या घरी, दुकानांच्या पाट्यांवर, वर्तमानपत्रांतही 'दरवाज्याला' सर्रास दिसतं. कानाला दोन्ही रूपं जवळजवळ सारखी लागतात. पाचवीच्या मुलाने इथे चूक केली तर त्यातून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही, मग ती जागा कशाला खर्चायची?

आता तपासणी. बरोबर-चूक करून गुण मांडले, तर पत्रिकेची निम्मी कमाई वाया जाते. मागे एका मुलीचा कागद असा आला होता: झाडावर, भिंतीवर, वीटला, रस्तेवर, मास्याचे, मामाच्या, पाणीत, विहीरीत, पाखरूला. गुण मोजले तर नऊपैकी तीन, म्हणजे 'कच्ची'. पण नीट वाचला तर या कागदात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

'विहीरीत' ही सामान्यरूपाची चूक नाहीच. तिने 'विहीर'ला 'ई' बरोबर लावली आहे. फक्त शेवट वाढला की आधीची दीर्घ वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व होतो, हे राहिलं: विहीर-विहिरीत, वीट-विटेला, गरीब-गरिबाला, सून-सुनेला. हा शुद्धलेखनाचा धडा आहे, तो दुसऱ्या दिवशी घ्यावा. 'मास्याचे' लिहिणारीला शब्द बदलतो हे पक्कं कळलंय, फक्त 'सा'चा 'शा' माहीत नाही. 'ससा' आणि 'घसा' तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतले, तर दोन मिनिटांत काम होतं. 'वीटला', 'पाणीत', 'पाखरूला' यांत मात्र नाम जसंच्या तसं राहिलंय, खरी अडचण तिथे आहे. आणि 'रस्तेवर' ही अगदी निराळी खूण आहे. नाम बदलायचं हे तिला ठाऊक आहे, पण ते ती हिंदीच्या चालीने बदलते. हिंदीत 'रास्ता'चं 'रास्ते पर' होतं, आणि 'पेड पर' म्हणताना 'पेड' तसाच राहतो. तुमच्या वर्गातली 'झाडवर' आणि 'रस्तेवर' ही जोडी एकाच मुलाच्या वहीत दिसत असेल, तर आधी त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात ते विचारून घ्या.

घरात मराठी बोलणारं मूल बोलताना 'झाडवर' म्हणतच नाही. ते 'झाडाव' म्हणेल, 'शाळंत' म्हणेल, पण नाम बदलल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या चुका वेलांटीच्या आणि प्रमाण रूपाच्या असतात. त्याला ही पत्रिका तोंडी चालते, मग लिहिताना फक्त वेलांटीकडे लक्ष द्यायचं. घरी हिंदी किंवा आणखी वेगळी भाषा असलेल्या मुलाला मात्र हीच पत्रिका हातात पेन्सिल घेऊन सावकाश लागते. एकाच वर्गात दोन्ही मुलं असतात आणि दोघांनाही 'नऊपैकी सहा' मिळू शकतात. त्या आकड्यावर विसंबून दोघांना एकच गृहपाठ दिला, तर एकाचा वेळ नक्की फुकट जातो.

आणखी एक चूक नुसत्या नजरेतून सुटते. 'झाडा वर', 'पाण्या त' असं तोडून लिहिलेलं दिसलं की आपण 'झाडा' बरोबर आहे म्हणून पुढे सरकतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामाला जोडूनच लिहायचे असतात, हिंदीत 'पर' आणि 'में' नामानंतर सुटे येतात. कंसातलं अधिक चिन्ह मी मुद्दाम ठेवते ते याचसाठी, आणि वाक्यातली रेघ अखंड ओढते. रेघेची लांबीही सगळीकडे सारखी ठेवा. 'त'साठी छोटी आणि 'च्या'साठी मोठी रेघ काढली की मुलं उत्तर रेघेवरून ताडतात. पाचवीच्या अक्षराला चार-पाच सेंटीमीटर जागा पुरते.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा निबंध आहे, आणि कंस असेपर्यंत मूल निबंधाच्या जवळ जात नाही. म्हणून आठवडाभराने मी कंस काढून एक छोटा उतारा देते. त्यात एकच नाम घोळवलेलं असतं: 'आजीच्या घरामागे एक विहीर आहे. ________ पाणी गोड आहे. ________ उतरायला दगडी पायऱ्या आहेत. ________ काठावर चिंचेचं झाड आहे. उन्हाळ्यात सगळी वस्ती ________ पाणी भरते.' अपेक्षित उत्तरं: विहिरीचं, विहिरीत, विहिरीच्या, विहिरीवर. आता प्रत्ययही मुलाने निवडायचा आहे. शेवटच्या जागी कुणी 'विहिरीतून' लिहील, तेही बरोबर. पहिल्या जागी काही मुलं 'तिचं' लिहितात आणि तिसऱ्या जागी 'तिच्या'. तेही पूर्ण बरोबर आहे, उलट मराठी लिहिणारा माणूस तसंच लिहील. त्याला पूर्ण गुण द्या. त्या मुलाचं सामान्यरूप बघायचं असेल तर दुसरी जागा बघा, तिथे 'तिच्यात उतरायला' सहसा कुणी लिहीत नाही.

हा उतारा देण्याआधी फळ्यावरचे 'विहिरीत', 'विटेला' पुसून टाका. आणि 'विहीर' पहिल्या पत्रिकेत येऊन गेलेली असल्यामुळे, त्याच दिवशी दुसऱ्या गटाला 'बाग' घेऊन असाच उतारा द्या: बागेचं, बागेत, बागेच्या. 'विहिरीत' बरोबर लिहिणाऱ्याने 'बागीत' लिहिलं, तर त्याने विहीर पाठ केलेली आहे. त्याला बोलावून "अनेक बाग म्हणजे काय?" एवढंच विचारा, आणि 'बागा' म्हणाला की कागद परत त्याच्याच हातात द्या.