छताबद्दलची माझी एक मेल

मालकांच्या जागा भाड्याने देणं, करार सांभाळणं, मुदती लक्षात ठेवणं हे माझं काम. बाहेरच्यांना वाटतं यात भाडं वसूल करणं अवघड असतं. ते नाही. अवघड असतो तो करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचा काळ. जागेत माणूस तोच, सामान तेच, बँकेत रक्कमही तीच येते, आणि कागदावर मात्र काहीच उरलेलं नसतं.

हे गोदामाचं प्रकरण. तीन वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा ३१ मार्चला संपला. हिशेब सोपा राहावा म्हणून जुनं मासिक भाडं १०० धरते. करारात एक कलम होतं: मुदतीनंतर मालकाच्या लेखी संमतीशिवाय ताबा ठेवला, तर दीडपट रक्कम, म्हणजे १५०. हे कलम मीच आग्रहाने घातलं होतं, आणि त्याचा मला जरा अभिमानही होता.

मार्चमध्ये भाडेकरूचे व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, आमच्या नव्या गोदामाची फरशी अजून ओली आहे. थोडे दिवस द्या." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एप्रिलमध्ये १०० जमा झाले, मेमध्येही झाले. आमच्या हिशेब विभागातल्या गृहस्थांनी दोन्ही वेळा नेहमीची पावती पाठवली: 'अमुक महिन्याचे भाडे मिळाले.' त्यांचा हिशेब कधी एका पैशाने चुकत नाही, पण करार संपला आहे की नाही हे त्यांना कोणी सांगत नाही आणि ते विचारतही नाहीत. 'हक्क राखून, ताब्यापोटी रक्कम जमा' एवढं लिहायला हवं होतं. निदान रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून आधी मला विचारायला हवं होतं.

मेमध्ये नवा भाडेकरू मिळाला, १२० देणारा. त्याला १ जुलैपासून जागा हवी होती. मालक खूश. मग मी जून सुरू होताच जुन्या भाडेकरूला पत्र धाडलं: एप्रिल-मेचा फरक ५० आणि ५०, जूनचे १५०, आणि महिनाअखेर जागा रिकामी करा. कलमाचा क्रमांकही ठळक टाईप केला.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. सोबत दोन्ही पावत्या होत्या, त्या असणार हे गृहीतच होतं. तिसरा कागद मात्र माझी स्वतःची मेल होती, १६ एप्रिलची. छत गळतंय अशी त्यांची तक्रार आली होती, आणि मी सवयीने उत्तर दिलं होतं: 'आत्ता माल हलवायची गरज नाही, पावसाआधी छताचं काम करून देऊ.' खाली माझी सही, मालकांना प्रत.

तोवर मी सगळं खापर त्या पावत्यांवर फोडायच्या तयारीत होते.

वकील मॅडमनी मेल दोनदा वाचली. भारतात हा विषय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या कलम ११६ मध्ये येतो. मुदत संपल्यावरही भाडेकरू जागेत राहिला आणि मालकाने भाडं स्वीकारलं किंवा दुसऱ्या कशाने त्याच्या राहण्याला संमती दिली, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास भाडेपट्टा पुन्हा चालू झाला असं कायदा धरतो. कोणी सही करत नाही. वागण्यातूनच करार उभा राहतो. मॅडम म्हणाल्या, "नुसती रक्कम घेतली एवढ्यावर मी भांडले असते. घेण्यामागचा हेतू काय, हे बघावं लागतं. पण तुम्ही त्यांना माल हलवू नका म्हणालात, वर दुरुस्तीचंही कबूल केलंत. दीडपटीचं कलम लेखी संमती नसेल तेव्हाचं, आणि ती तर इथे मेलवर आहे."

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मला सुचलाच नसता: "आत काही बनवतात का?" मागच्या खोलीत खोकी भरायचं काम चालायचं, उत्पादन नव्हतं. मॅडमच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. कारण उत्पादनासाठी किंवा शेतीसाठी दिलेली जागा असेल, तर हा आपोआप उभा राहिलेला भाडेपट्टा वर्षागणिक धरला जातो आणि तो संपवायला सहा महिन्यांची नोटीस लागते. बाकी जागांत तो महिन्यागणिक असतो आणि पंधरा दिवस पुरतात.

थोडक्यात, एप्रिल-मेचा फरक सोडून द्यावा लागला. जुन्या कराराच्या अटी बहुतेक तशाच पुढे आल्या, त्यात भाडं १०० हीसुद्धा. मालक एकतर्फी वाढ मागच्या तारखेने लावू शकत नाही. ५ जूनला नोटीस गेली: महिन्यागणिक चाललेला भाडेपट्टा ३० जूनला संपेल, १ जुलैपासून राहण्याला संमती नाही, आणि राहिलात तर दीडपट. या वेळी प्रत्येक वाक्य मॅडमनी तपासलं. हिशेब विभागाला मी स्वतः जाऊन सांगितलं की जुलैत काहीही जमा झालं तरी पावती माझ्याकडे आधी दाखवा.

व्यवस्थापक भेटायला आले. चिडलेले, पण सभ्य. "तीन वर्षं एक तारीख चुकवली नाही आणि आता दंड?" मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला कोणत्याही महिन्यात निघून जायची मोकळीक हवी आहे. तेवढे दिवस मालकांना ना दुसऱ्याला शब्द देता येतो, ना दिलेला पाळता येतो." ते गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मार्चमध्ये सांगितलं असतंत तर मी दुसरीकडे तात्पुरती जागा घेतली असती." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते १८ जुलैला गेले. पूर्ण महिन्याचे १५० मागायचे की दिवसांवर, यावर थोडी ओढाताण झाली आणि दिवसांवर ठरलं: १५० चे ३१ पैकी १८ दिवस, सुमारे ८७. मालकांना वाटलं, चला, काहीतरी जास्त मिळालं. मी कागद पुढे सरकवला. नव्या भाडेकरूला १ ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं, म्हणजे जुलैचे १२० बुडाले. हातात ८७. दीडपट लावूनही ३३ चा खड्डा. लोकांना ती दीडपट हावरटपणा वाटते. इथे तिने नुकसानही भरून काढलं नाही.

मॅडमनी जाता जाता सांगितलं की इंग्लंडमध्ये १७३० आणि १७३७ च्या कायद्यांत ही रक्कम थेट दुप्पट आहे: मालकाच्या नोटिशीनंतर जाणूनबुजून अडून राहिला तर जागेच्या वार्षिक मूल्याची, आणि स्वतः नोटीस देऊनही गेला नाही तर भाड्याची. आपल्याकडे करारात कितीही आकडा लिहिला तरी तो नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा असेल, तर न्यायालय कमी करू शकतं. दीडपट टिकली असती असं त्यांचं मत. ते तपासायची वेळ आली नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांचं कलम मी स्वतःच बाद करून बसले होते.

हिशेब विभागाच्या गृहस्थांना मी काही बोलले नाही. त्यांनीच एकदा विचारलं, "ती पावती माझीच चूक होती ना?" मी म्हटलं, "अर्धी."

छताचं काम जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झालं, रिकाम्या गोदामात.