टाकी साफ केली की करायला पाहिजे होती?

जळगावला आमच्या 12 फ्लॅटच्या अपार्टमेंटचा सेक्रेटरी मी झालो ते कोणीच हो म्हणत नव्हतं म्हणून, आणि पहिल्याच महिन्यात ग्रुपवर टाकलेल्या हिशोबात एक ओळ लिहिली, "गाळ साचल्यामुळे पाण्याची टाकी साफ करून घ्यायला पाहिजे होती, खर्च 3600 रुपये, प्रत्येकी 300." संध्याकाळी तळमजल्यावरचे काका खाली पार्किंगमध्ये उभेच. म्हणे भाऊ, घ्यायला पाहिजे होती ना, मग घेतली नाही का? आणि नाही घेतली तर 300 कशाचे?

मी म्हटलं काका, टाकी तर चकाचक आहे, वर चढून बघा. पण रात्री ओळ परत वाचली तर काकांचंच बरोबर. "करायला पाहिजे होती" म्हटलं की मराठी माणसाच्या कानाला काम राहून गेलं असंच ऐकू येतं. मला म्हणायचं होतं "करून घ्यावी लागली". लागली म्हटलं की नाइलाज होता पण काम झालं, पैसे गेले. "मी कालच निघायला पाहिजे होतं" म्हणणारा अजून घरीच असतो, आणि "मला कालच निघावं लागलं" म्हणणारा भुसावळ स्टेशनवरून फोन करत असतो. (दुकानात जाऊन "मला दोन पेन पाहिजे होते" म्हणतो ते वेगळं, तिथे वस्तू मागायची असते आणि होते नुसतं अदबीचं.)

मग नादच लागला. पाहिजे हे मुळात पाहणेचं जुनं रूप, म्हणिजेचं म्हणजे झालं त्याच घराण्यातलं, आणि ते तसंच गोठून बसलंय. त्याला ला-ली-लं लागत नाही, भूतकाळ करायचा तर होता-होती-होतं उसनं आणावं लागतं, अनेकवचनात तेवढा एक त चिकटतो, पाहिजेत. लागणे मात्र जिवंत क्रियापद, लागतो, लागली, लागतील, सगळं चालतं.

पुढची नोटीस गाड्यांची. मी टाईप केलं, "सर्व सभासदांनी गाड्या लाईनीत लावले पाहिजेत." बायकोने चहा देता देता वाचलं आणि म्हणाली, गाड्या लावले? डोक्यात सभासद होते ना, म्हणून लावले झालं, पण सभासदांना एकदा ने-नी लागलं की क्रियापद त्यांच्याकडे बघतच नाही, ते गाडीकडे बघतं. गाडी लावली पाहिजे, गाड्या लावल्या पाहिजेत, फॉर्म भरला पाहिजे, पावत्या दाखवल्या पाहिजेत. आणि त्या वस्तूलाच ला किंवा ना लागलं की क्रियापद कोणाकडेच न बघता नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं, म्हणून "मुलांना खाली आणलं पाहिजे", मुलं दहा असली तरी आणलंच. बोलताना आम्ही तो शेवटचा त सर्रास गिळतो, गाड्या लावल्या पायजे, कोणी अडवत नाही, पण कागदावर तो नसला की खटकतो.

दुसरी ओळ होती दंडाची, "उशीर झाल्यास सभासदांनी 50 रुपये दंड भरावा लागेल." हीसुद्धा चुकलेली. पाहिजेला नी चालतं, लागणेला ना पाहिजे, सभासदांना दंड भरावा लागेल. अर्धं वाक्य एकाचं आणि अर्धं दुसऱ्याचं, असं बऱ्याच बोर्डांवर दिसतं. बाकी दंडाच्या ओळीत कोणी "भरला पाहिजे" लिहीत नाही. पाहिजेमध्ये भल्या माणसाने असं करावं अशी अपेक्षा असते, ते न करण्याची सोय उरते, लागेलमध्ये ती नसते. आमची आजी अहिराणीत "माले जानं पडी" म्हणायची तेव्हा ते हेच लागणं, तिथे जाऊ का नको हा विचार संपलेला असायचा.

सरकारी भाषेने मात्र मस्त पळवाट काढलीय, "कागदपत्रे जोडणे आवश्यक आहे." जोडणे एकदा नपुंसकलिंगी एकवचनी केलं की कागदपत्रे असोत, फी असो की फोटो, आहे आपलं आहेच. चूक व्हायला जागाच नाही. मला पण मोह झाला होता, पण लिफ्टशेजारी "गाड्या लावणे आवश्यक आहे" वाचायला कसंतरीच वाटतं, म्हणून शेवटी साधं "गाड्या लाईनीत लावाव्यात" लिहिलं. त्यात मेंटेनन्सची ओळ पण घातली आणि तिथे नवीनच वाद, मेंटेनन्स भरावा की भरावं, कारण त्या शब्दाचं लिंग प्रत्येक मजल्यावर वेगळं.

परवा परत टाकी साफ केली. मी हिशोब टाकायच्या आधीच काकांचा मेसेज, भाऊ, ह्यावेळी लागली का पाहिजे होती, तेवढं आधी सांग, मग 300 पाठवतो.