तुम्ही विचारलंत म्हणून: बॉक्स साइझ किती ठेवायची?

"रेन्को वापरतो, पॉइंट अँड फिगरही बघतो, पण बॉक्स साइझ किती ठेवायची तेच कळत नाही. तुम्ही किती ठेवता?"

हे दोन्ही चार्ट वेळ सोडून फक्त भावाची हालचाल दाखवतात. भाव ठरावीक अंकांनी, म्हणजे एका बॉक्सने, हलला की रेन्कोत एक ब्रिक पडते, चढताना हिरवी आणि उतरताना लाल; पॉइंट अँड फिगरमध्ये चढताना एक्स लागतो आणि उतरताना ओ. मी बॉक्सपासून सुरुवातच करत नाही. आधी ठरवतो की भाव किती उलटा आला तरी मला तो दिसायला नको. त्या अंतरातूनच बॉक्स निघतो. कारण गोंगाट गाळण्याचं काम एकटा बॉक्स करत नाही, ते रिव्हर्सलचं अंतर करतं. रेन्कोत रंग बदलायला भाव शेवटच्या ब्रिकच्या टोकापासून दोन बॉक्स उलटा यावा लागतो. पॉइंट अँड फिगरच्या नेहमीच्या पद्धतीत एक्सचा रकाना संपून ओचा सुरू व्हायला तीन बॉक्स लागतात. म्हणजे दोन्हीकडे १० चा बॉक्स ठेवलात, तरी एका चार्टची गाळणी २० ची असते आणि दुसऱ्याची ३० ची. दोन्हींची तुलना करताना ही गोष्ट हमखास निसटते.

आकडे घेऊन बघू. समजा, रोजचे बंद भाव असे आहेत: ५००, ५०६, ५१२, ५०७, ५१५, ५२३, ५१४, ५०९, ५१८, ५३१, ५२२, ५११, ५०३. मोजणी ५०० पासून, फक्त बंद भावावर.

रेन्कोचा बॉक्स ५ ठेवला तर ५२३ ला ब्रिक ५२० पर्यंत पोहोचते. मग ५०९ येतो, १० चं अंतर भरतं आणि लाल ब्रिक पडते. पुढे भाव ५१८ होतो, पण हिरव्या ब्रिकसाठी ५२० हवा, तो थेट ५३१ ला मिळतो. ५०९ ला विकून ५३१ ला परत घ्यायची वेळ आली. त्यात चार्टवर हिरवी ब्रिक दिसते ५१५ ते ५२० अशी, जणू ५२० ला खरेदी मिळाली असती. प्रत्यक्षात त्या दिवशी बंद भावाला ५३१ च होता. रेन्कोवरचे बॅकटेस्ट इतके देखणे दिसतात त्याचं मोठं कारण हेच. म्हणून ब्रिक ज्या भावामुळे पडली तो मूळ भाव मी नेहमी शेजारी ठेवतो.

आता बॉक्स १० करा. ५०९ ची घसरण दिसतच नाही, छान. ब्रिक ५३० पर्यंत जाते. पण लाल व्हायला ५१० हवा, ५११ ला ती हलत नाही, ५०३ ला पडते. ५३१ च्या शिखरापासून २८ अंक गेले.

तिसरा प्रयोग पॉइंट अँड फिगरचा: बॉक्स ५, रिव्हर्सल तीन, म्हणजे अंतर १५. ५२० चा एक्स लागल्यावर ओसाठी ५०५ हवा, ५०९ ला काही होत नाही. एक्स ५३० पर्यंत चढतात, मग ५११ ला ५१५ ची अट पूर्ण होऊन रकाना बदलतो. खोटा इशारा टळला आणि बाहेरही लवकर पडलो. पण यात पॉइंट अँड फिगरची करामत नाही. रेन्कोचा बॉक्स ७.५ करून बघा, अंतर तेच १५, आणि इशाराही नेमका ५११ लाच मिळतो.

मग हे १५ कुठून आणायचं? मागच्या वर्षभराच्या बंद भावांतून. भाव चढत असताना मध्ये तो शिखरापासून किती खाली आला आणि तरीही नवं शिखर केलं, त्या सगळ्या घसरणी लिहून काढायच्या आणि लहान ते मोठी अशा लावायच्या. आपल्या उदाहरणात त्या ५ आणि १४ आहेत. नेहमीच्या घसरणी जिथे संपतात त्याच्या जरा पुढे अंतर ठेवायचं, रेन्कोसाठी त्याला दोनाने भागायचं, पॉइंट अँड फिगरसाठी तीनाने. सगळ्यात मोठी घसरण गाळायच्या मागे लागू नका, तिच्यासाठी बाहेर पडताना फार मोजावं लागतं.

अनेकजण त्याऐवजी एटीआर, म्हणजे भावाचा सरासरी पल्ला, लावतात. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेलं हे माप चांगलं आहे, पण ते एका दिवसाचा पल्ला सांगतं, आणि घसरण दोन-तीन दिवस चालते. वर ५२३ ते ५०९ ही दोन दिवसांत झाली. शिवाय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एटीआर बदलला की बॉक्स बदलतो आणि मागचा अख्खा चार्ट नव्याने आखला जातो. काल दिसलेली लाल ब्रिक आज सापडत नाही. एटीआर वापरायचाच तर त्याचा आकडा बघून बॉक्स हाताने भरा आणि तो ठरावीक काळ तसाच ठेवा.

निवडलेल्या आकड्याचे शेजारीही तपासा. वरच्या मालिकेत ७ चा बॉक्स ५११ लाच इशारा देतो, पण ८ चा थेट ५०३ ला. एवढ्याशा फरकाने निकाल फिरत असेल तर तो आकडा त्या मोजक्या दिवसांवर बेतलेला असतो. म्हणून अंतर एका काळातून काढायचं आणि त्यानंतरच्या, न पाहिलेल्या काळावर चालवून बघायचं.

आणि भाव दुप्पट झाला की जुना बॉक्स टिकत नाही. ५०० वर १५ म्हणजे ३ टक्के, १००० वर तेच दीड टक्का, आणि खोटे इशारे सुरू होतात. लांबच्या चार्टवर मी टक्क्यांतलाच बॉक्स ठेवतो.