शनिवारी एक मॅच, रविवारी सकाळी दुसरी: मधल्या पंधरा तासांत मी काय बदललं

आमच्या पुण्यातल्या वीकएंड फुटबॉल लीगमध्ये काही आठवडे असे येतात की शनिवारी चारला मॅच आणि रविवारी सकाळी नऊला परत मॅच. मी विंगवर खेळते, म्हणजे पळणं भरपूर. वय 33, दिवसभर ऑफिसात बसून काम, आठवड्यात प्रॅक्टिस दोनदाच. मागच्या सीझनमध्ये अशा पहिल्याच वीकएंडला रविवारी 55 व्या मिनिटाला डाव्या पोटरीत असा गोळा आला की बाहेर जावं लागलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधीची वीस मिनिटं पण पाय माझे नव्हतेच. समोरच्या टीमची बॅक बॉल घेऊन पळतेय आणि मी नुसती बघतेय असं झालं होतं.

तेव्हा मला वाटलं फिटनेस कमी पडला. पण नंतर शनिवारची संध्याकाळ आठवून लिहून काढली तेव्हा वेगळंच दिसलं. साडेपाचला मॅच संपली, टपरीवर दोन कटिंग, घरी येऊन प्रोटीन शेक, भूक नाही म्हणून बाकी काही नाही, मग साडेदहाला टीमबरोबर बिर्याणी, झोपायला एक वाजला, आणि सकाळी घाईत फक्त चहा पिऊन ग्राउंडवर. म्हणजे प्रोटीन आठवणीने घेतलं आणि जे सगळ्यात जास्त संपलं होतं ते भरलंच नाही.

आमच्या टीमच्या फिजिओताईंनी हे नीट समजावलं. पळताना स्नायू त्यांच्यातच साठवलेली साखर वापरतात, ग्लायकोजेन म्हणतात तिला, आणि फुटबॉलच्या एका मॅचमध्ये ती बरीच संपते. पूर्ण भरायला नीट खाल्लं तरी साधारण चोवीस तास लागतात, कधी जास्तही, आणि आमच्याकडे होते पंधरा तास, त्यातले सात-आठ झोपेचे. मॅचनंतरच्या पहिल्या काही तासांत स्नायू साखर पटापट उचलतात, म्हणून तेव्हाच खायचं. चोवीस तासांच्या आत दुसरी मॅच असेल तर पहिले चार तास, दर तासाला वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कार्ब्स. माझं वजन 58, म्हणजे तासाला साधारण 60 ग्रॅम. दोन मोठी केळी किंवा दीड वाटी भात, एवढं ते असतं.

पुढच्या वेळी मी असं केलं. मॅचच्या आधी आणि नंतर कोरड्या कपड्यात वजन केलं, घरचा वजनकाटा ग्राउंडवर नेला होता, पोरी हसल्या पण नंतर चार जणींनी त्यावरच वजन केलं. आधी 58.4, नंतर 57.2, म्हणजे अर्धा लिटर पाणी पिऊनसुद्धा 1.2 किलो गेलं. जेवढं गेलं त्याच्या दीडपट परत प्यायचं, कारण थोडं लघवीवाटे जातंच, म्हणजे मला 1.8 लिटर. नुसतं पाणी घटाघटा प्यायलं तर अंगात थांबत नाही, मीठ हवं. मी ओआरएसचं एक लिटरचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात घातलं आणि बाकीचं ताक आणि पाणी. यात एक गोष्ट मला अनुभवाने कळली की हे सगळं नऊच्या आत संपवायचं, नाहीतर रात्री तीनदा उठावं लागतं आणि झोपेची वाट लागते.

खायचं म्हणाल तर बूट काढता काढता पहिलं केळं, मग दुसरं, आणि फ्लेवर्ड दुधाची छोटी बाटली. भूक नसते हे खरंय, मॅचनंतर तोंडात काही घालावंसं वाटत नाही, म्हणून प्यायचं आणि मऊ असं काहीतरी बरं पडतं. सातला घरी पोहे, शेंगदाणे न घालता, वर थोडी साखर. सव्वाआठला जेवण: तीन वाट्या मऊ भात, वरण, बटाट्याची भाजी, दोन अंड्यांची भुर्जी कमी तेलात. आई म्हणाली, "अगं, रात्रीचा एवढा भात कशाला खातेस, पोट सुटेल!" तिला समजावलं की आई, हा उद्याच्या मॅचचा भात आहे, मग तिनेच ताटात तूप कमी आणि भात जास्त वाढला. हिशोबाने चार तासांत 240 ग्रॅम व्हायला हवे होते, मला दोनशेच्या थोडं पुढेच जाता आलं, पण आधीच्या वेळेशी तुलना केली तर खूपच फरक. झोपताना एक कप दूध, प्रोटीनसाठी. प्रोटीन लागतंच, दर जेवणात वीसेक ग्रॅम बघायचं, पण ते भाताच्या जागी नाही, भाताबरोबर.

झोप मला सगळ्यात अवघड गेली. मॅचचं डोक्यात चालूच असतं, हुकलेला तो एक पास परत परत दिसतो, हृदय पण लवकर शांत होत नाही. कॅफीनचा असर निम्मा व्हायलाच पाच एक तास लागतात, म्हणजे सहाची कटिंग अकराला अजून अर्धी अंगात. त्या दिवशी दुपारी दोननंतर चहा बंद केला. जेवणानंतर नऊच्या सुमारास कोमट पाण्याने अंघोळ, कारण त्यानंतर अंग हळूहळू गार होतं आणि झोप येते. मॅचचे व्हिडिओ ग्रुपवर येतात ते रविवारी दुपारीच बघायचे असं ठरवलं. तरी झोप लागायला पावणेअकरा झालेच. म्हणून आता मी गुरुवार-शुक्रवारीच तास-तासभर लवकर झोपते, कारण शनिवारची रात्र कशी जाईल याचा भरवसा नाही, आणि आधी झोप पुरेशी झाली असेल तर एक रात्र कमी पडली तरी चालून जातं.

रविवारी सहाला उठून वजन केलं, 58.1. मागच्या वेळी लघवी गडद पिवळी होती, यावेळी फिकट. सव्वासहाला ब्रेड-जाम, एक केळं आणि थोडं पाणी, तेल-मसाला काही नाही, कारण पावणेतीन तासांत जड खाणं उतरत नाही. हाफटाइमला दोन खजूर आणि ओआरएसचे घोट. 70 मिनिटं खेळले, गोळा आला नाही. गोळा यायला मीठ कमी पडणं हेच कारण असतं असं नाही, थकलेला स्नायू हेही मोठं कारण आहे, त्यामुळे यातलं नेमकं कशामुळे जमलं ते मी सांगू शकत नाही, पण 55 मिनिटांनंतरही मी बॅकच्या मागे पळत होते.

एक सांगायचंच आहे. टीममधली एक जण दुसऱ्या मॅचआधी अंग दुखतंय म्हणून पेनकिलर घेऊन यायची. अंगात पाणी कमी असताना असल्या बऱ्याच गोळ्या किडनीवर ताण आणतात, आणि दुखणं झाकलं गेलं की दुखापत कळत पण नाही. दोन्ही मांड्या सारख्या दुखतात, जिना उतरताना जास्त, ते मॅचचं दुखणं, वॉर्मअपमध्ये सैल होतं. पण एकाच पायात एका जागी टोचतंय आणि वेग वाढवला की वाढतंय, तर ते भाताने आणि झोपेने जाणार नाही. गेल्या महिन्यात माझ्या उजव्या हॅमस्ट्रिंगला तसंच झालं. वॉर्मअपमध्येच कोचना सांगितलं, "सर, आज मी बसते." त्यांनी दुसरीला घेतलं.