धोनीचे ७९ चेंडू आणि तीन नाणी

आज शाळेत दहावीच्या गणित प्रदर्शनाची तयारी घेताना एका मुलाने सांगितले की, चेंडूवर चौकार-षटकार बसतो किंवा बसत नाही, म्हणून त्याची संभाव्यता १/२ आहे. ही चूक मला फार महत्त्वाची वाटते, कारण निष्पत्ती दोन असल्या तरी त्या समसंभाव्य असतीलच असे नाही.

मग आम्ही २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्याचे धावपत्रक उघडले. धोनीने ७९ चेंडूंत नाबाद ९१ धावा केल्या, त्यांत ८ चौकार आणि २ षटकार होते. म्हणजे १०/७९, सुमारे ०.१२७. ही खेळी फेकींतून पुन्हा मांडण्यासाठी मुलांनी आधी फाशावरचा ६ म्हणजे चौकार किंवा षटकार असे ठरवले होते, पण १/६ प्रमाणे ७९ वेळांत सरासरी १३ येतात, ते जास्त होतात. तीन नाणी एकदम फेकली तर नमुना अवकाशात ८ घटक असतात आणि तिन्ही छापा येण्याची संभाव्यता १/८, म्हणजे ०.१२५ असते. हे जवळजवळ तंतोतंत जुळले!

पहिल्या गटाला ७९ फेकींत तिन्ही छापा ७ वेळा मिळाले, दुसऱ्याला १२ वेळा. नाणी सदोष आहेत का, असे मुलींनी विचारले. ७९ फेकींत एवढा फरक स्वाभाविक असतो, म्हणून दोन्ही आकडे तक्त्यावर तसेच ठेवायला सांगितले. मात्र नाण्याला गोलंदाज आणि उरलेली षटके ठाऊक नसतात, फलंदाजाला असतात. ही मर्यादाही तक्त्यावर ठळक लिहून घेतली.