१,२०,००० पानं, दोन गायब

आमच्या गावच्या वाचनालयाची जुनी कागदपत्रं स्कॅन करून झाली तेव्हा डिस्कवर बरोबर १,२०,००० फाइली होत्या. नावांचा मात्र गोंधळ होता, एकाच नावाच्या फाइली पन्नास फोल्डरांत. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक फाइलचा SHA-256 हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा आकडे-अक्षरांचा ठसा, काढायचा आणि त्याची पहिली आठ अक्षरं हेच नाव देऊन सगळ्या एका फोल्डरात कॉपी करायच्या. पूर्ण हॅश ६४ अक्षरांचा असतो, एवढं लांब नाव कोण वाचणार?

आठ अक्षरं पुरतील का, याचा हिशोब मी केला होता. प्रत्येक अक्षराच्या जागी १६ पर्याय, म्हणजे आठ अक्षरांत ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळी नावं. १,२०,००० ला त्याने भागलं तर ३६ हजारांत एक. एवढा धोका चालेल असं वाटलं.

रात्रभर स्क्रिप्ट चालली. सकाळी नव्या फोल्डरात १,१९,९९८ फाइली होत्या. एकही एरर नाही.

आधी वाटलं, दोन पानं दोनदा स्कॅन झाली असतील. पण तसं होत नाही. एकच कागद दोनदा स्कॅन केला तरी धुळीचा एखादा कण, किंचित सरकलेला कोपरा, एवढ्यानेही फाइल बदलते आणि हॅश पूर्ण वेगळा येतो. मग एकाहून जास्त फाइलींना आलेली आठ अक्षरं शोधायला मूळ डिस्कवर हे चालवलं:

```
find . -name '*.jpg' -exec sha256sum {} + | cut -c1-8 | sort | uniq -d
```

दोन ओळी आल्या. पहिल्या ओळीतली आठ अक्षरं दोन फाइलींची होती: एक देणगी नोंदवहीचं पान, दुसरं एका व्याख्यानमालेचं निमंत्रण. पूर्ण हॅश शेजारी ठेवले तर नवव्या अक्षरापासून काहीच जुळत नव्हतं. `cp` ने निमंत्रण नोंदवहीच्या पानावर लिहून टाकलं होतं, न विचारता. दुसऱ्या जोडीचंही तेच.

माझा हिशोब कुठे चुकला हे वाचनालयाच्या समितीवरच्या गणिताच्या निवृत्त सरांनी दाखवलं. त्यांनी सभासदांच्या अर्जांचा गठ्ठा काढला आणि म्हणाले, "२३ अर्ज घे. दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असेल का?" मी म्हटलं, "सर, ३६५ दिवसांत २३ माणसं, कसं जुळेल?" पहिल्या २३ अर्जांत जुळलं नाही. दुसऱ्या २३ मध्ये जुळलं, तिसऱ्यातही. "अगं, तू कुणा एकाची तारीख धरून बसलीस. इथे कुणाचीही कुणाशीही जुळली तरी चालते. माणसं २३, पण जोड्या किती?" जोड्या २५३. म्हणूनच २३ जणांत शक्यता ५० टक्क्यांच्या थोडी वर जाते.

तेव्हा लख्ख कळलं. मी फाइली मोजल्या होत्या, जोड्या नाही. १,२०,००० फाइलींच्या जोड्या होतात जवळपास ७२० कोटी. त्याला ४२९ कोटींनी भागलं की १.६८. म्हणजे दोन वेगळ्या फाइलींना एकच नाव येण्याच्या सरासरी दीड-पावणेदोन टकरा अपेक्षितच होत्या, आणि निदान एक तरी होण्याची शक्यता ८१ टक्के. माझ्या दोन फाइली हे दुर्दैव नव्हतं, साधं गणित होतं. ३२ बिटांत सुमारे ७७ हजार फाइलींनाच शक्यता निम्म्यावर पोचते, मी तर त्याच्या कितीतरी पुढे होते.

इथे हॅशच्या लांबीचं महत्त्व कळतं. फाइली दुप्पट झाल्या की जोड्या जवळजवळ चौपट होतात, पण हॅशचं एक अक्षर वाढवलं की धोका सोळापट कमी होतो. माझ्या फाइलींना दहा अक्षरं दिली असती तर धोका साधारण १५० मध्ये एक उरला असता, जो मला अजूनही जास्त वाटतो. सोळा अक्षरं, म्हणजे ६४ बिट, दिली की तो सुमारे २५६ कोटींत एक होतो. मी सोळा घेतली.

हे सगळं नकळत होणाऱ्या टकरांपुरतं. कुणी मुद्दाम एकाच हॅशच्या दोन फाइली बनवायला बसलं तर ६४ बिट अपुरे पडतात, कारण जोड्यांचं हेच गणित त्याच्या मदतीला येतं आणि सुमारे २³² प्रयत्नांत, म्हणजे चारेकशे कोटींत, त्याचं काम होऊ शकतं. साधा कॉम्प्युटरही एवढं करतो. म्हणून डिजिटल सही किंवा पुराव्यासाठी पूर्ण २५६ बिटच ठेवावेत, तिथे हा आकडा २¹²⁸ होतो. आणि नुसती लांबीही पुरत नाही: SHA-1 हा जुना हॅश १६० बिटांचा, त्यासाठी २⁸⁰ प्रयत्न लागायला हवे होते, पण २०१७ साली संशोधकांनी सुमारे २⁶³ मध्ये खरी टक्कर घडवून दाखवली. त्याच्या रचनेतच खोट होती.

नवी स्क्रिप्ट आता डोळे झाकून कॉपी करत नाही. नाव आधीच असेल तर `cmp` ने दोन्ही फाइली बाइट-बाइट ताडून बघते आणि फरक सापडला तर थांबते. मूळ डिस्क पुसली नव्हती, म्हणून दोन्ही पानं परत मिळाली. दुसऱ्या सकाळी मोजलं: १,२०,०००.